वजन गुणिले ०.३ : मुलाची शुगर लो झाली तर ग्लुकोज किती, आणि परत कधी तपासायचं

मागच्या उन्हाळ्यात ओवी सहा वर्षांची होती, वजन २० किलो. टाइप वन डायबेटिस होऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हाच्या एका रविवारी ती आईबरोबर नौपाड्यातल्या मावशीकडे गेली होती. दुपारी जेवण, जेवणाआधीचं इन्सुलिन आणि मग मावसभावांबरोबर सोसायटीच्या आवारात दोन तास पळापळ. संध्याकाळी नेरूळला परतायला दोघी ठाण्याहून ट्रान्सहार्बरच्या गाडीत बसल्या. दिघा गाव गेलं तशी ओवी गप्प झाली. कपाळावर घाम, ओठ पांढुरके. आईच्या मांडीवर डोकं टेकून म्हणाली, "माझे पाय लटपटतायत." आईने बोट टोचलं. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५८.

ऐरोली येईपर्यंत तिने मला फोन लावला होता. मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे आणि आमच्या शेजारात कुणाचं मूल आजारी पडलं की पहिला फोन मलाच येतो. "ताई, किती देऊ?" एवढंच ती म्हणाली. या लेखात त्या 'किती'चं उत्तर आहे, आणि त्यानंतर जो पाऊण तास गेला त्याचंही. कारण चूक बहुधा त्या पाऊण तासात होते.

डायबेटिस असलेल्या मुलाची शुगर ७० च्या खाली गेली की ती 'लो' धरायची आणि उपचार करायचा. ५४ च्या खाली गेली तर ती जास्त गंभीर; मेंदूला साखर कमी पडायला लागते, मूल चिडचिडं, गोंधळलेलं किंवा झोपाळू होतं. मूल शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर दोन्हींचा पहिला उपचार एकच: तोंडावाटे ग्लुकोज, मुलाच्या दर किलो वजनामागे ०.३ ग्रॅम.

ओवीचं गणित सरळ आहे. २० गुणिले ०.३ म्हणजे ६ ग्रॅम. दहा किलोच्या मुलाला ३ ग्रॅम, तीस किलोच्या मुलाला ९.

आता बहुतेकांच्या कानावर 'पंधरा-पंधरा'चा नियम असतो: पंधरा ग्रॅम साखर द्या, पंधरा मिनिटांनी तपासा. तो चुकीचा नाही, पण तो मोठ्या माणसांचा आहे. पन्नास किलोच्या माणसाला ०.३ ने गुणून बघा, बरोबर १५ येतात. नियम तोच, माणूस वेगळा. किलोमागे ०.३ ग्रॅमने शुगर साधारण ५५ ते ७० ने वर येते. ओवीला पंधरा ग्रॅम दिले असते तर ते तिच्या डोसच्या अडीचपट झाले असते आणि तासाभरात मीटरवर दोनशेच्या पुढचा आकडा दिसला असता. मग घरात कुणीतरी म्हणतं, "अगं, आता तर हाय झाली, दोन युनिट देऊया का?" ते दोन युनिट इन्सुलिन दिलं की रात्री अकराला पुन्हा लो. वॉर्डात येणाऱ्या आयांच्या वहीत मी ही चढउतार कितीतरी वेळा पाहिली आहे. खाली, वर, खाली. पहिल्या लोपेक्षा दुसरा वाईट, कारण तो झोपेत येतो.

सहा ग्रॅम म्हणजे किती, हा खरा घरगुती प्रश्न. 'एक चमचा' हे उत्तर काही कामाचं नाही. मी माझ्या स्वयंपाकघरात ग्लुकोज पावडर काट्यावर तोलून पाहिली. चहाचा चमचा सपाट भरला तर साडेतीन ग्रॅमच्या आसपास, शिगोशीग भरला तर सात. पोह्याचा चमचा शिगोशीग भरला तर बारा-तेराच्या घरात गेला. म्हणजे घाबरलेल्या हाताने डब्यातून काढलेला 'एक चमचा' साडेतीन ते तेरा ग्रॅम यांपैकी काहीही असू शकतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, शांतपणे बसून आधीच पुड्या बांधून ठेवा. दागिने तोलायचे छोटे काटे ऑनलाइन मिळतात. एकेक डोस तोलायचा, छोट्या झिप पिशवीत घालायचा, वर मार्करने ग्रॅम लिहायचे. ओवीच्या आजीने त्यांना 'अंगाऱ्याच्या पुड्या' असं नाव ठेवलं आहे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ही पावडर ओल धरून दगड होते, म्हणून जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पुड्या बदलायच्या.

पुडी अर्ध्या कप पाण्यात ढवळायची, की मुलाने दोन-तीन घोटात संपवली पाहिजे. तयार ग्लुकोज जेल किंवा गोळ्या असतील तर पाकिटावर दर नळीत, दर गोळीत किती ग्रॅम ग्लुकोज आहे ते वाचायचं आणि तेवढाच भाग द्यायचा. पूर्ण नळी मोठ्या माणसासाठीची असू शकते. काहीच नसेल तर घरातली साखर चालते. पण साखरेतला अर्धाच भाग ग्लुकोज असतो, उरलेला फ्रुक्टोज, तो रक्तातलं ग्लुकोज तितक्या लवकर वाढवत नाही. त्यामुळे साखर थोडी जास्त लागते. साधा कोला साठेक मिली दिला तरी सहा ग्रॅम साखर होते, फक्त बाटलीवर 'डाएट' किंवा 'झिरो' नाही ना, ते बघून घ्या. ओआरएसचं पाणी मात्र या कामाचं नाही. एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम. म्हणजे सहा ग्रॅमसाठी ओवीला जवळजवळ साडेचारशे मिली प्यायला लागेल, आणि तोवर तुर्भे येऊन जाईल.

गाडीत समोर बसलेल्या एका काकूंनी तेवढ्यात पर्समधून चॉकलेट काढलं. "घे बाळा, गोड खा." मनाने चांगल्या होत्या, पण चॉकलेट, पेढा, बर्फी, आइसक्रीम या वेळी उपयोगाचे नाहीत. त्यांच्यातलं तूप-लोणी पोटातून अन्न पुढे सरकायला वेळ लावतं. साखर आतड्यात पोचल्याशिवाय रक्तात जात नाही, आणि स्निग्ध पदार्थ तिला पोटातच अडकवून ठेवतात. गंमत म्हणजे तीच साखर मग तास-दीड तासाने येते, ग्लुकोजचं काम झाल्यावर, आणि शुगर नको तितकी वर नेते. ओवीच्या आईने काकूंचे आभार मानले, चॉकलेट पर्समध्ये ठेवलं आणि पुडी बाटलीच्या झाकणातल्या पाण्यात कालवली. झाकण छोटं, त्यामुळे तीन वेळा कालवावी लागली आणि थोडी पावडर ओवीच्या हातावर सांडली. ही सांडलेली पावडर लक्षात ठेवा.

मी फोनवर सांगितलं, घड्याळ लाव, पंधरा मिनिटं. तोवर तिला बसवून ठेव, उठू देऊ नकोस, एकटी सोडू नकोस.

पंधरा मिनिटं का, पाच का नाही? ग्लुकोज गिळलं, पोटातून पुढे गेलं, आतड्यातून रक्तात आलं, बोटाच्या टोकापर्यंत पोचलं, याला तेवढा वेळ लागतोच. मेंदूला त्याहून थोडा उशिरा कळतं, म्हणून आकडा ठीक झाला तरी मूल अजून घाबरंघुबरं, भुकेलं असू शकतं. आईला मात्र सात मिनिटंही धीर निघाला नाही. रबाळे सोडून गाडी पुढे निघाली तसं तिने परत टोचलं. ६१. तिचा आवाज फुटला, "ताई, फक्त तीन वाढली. दुसरी पुडी देते." मी म्हटलं, थांब. सातव्या मिनिटाला ६१ म्हणजे उतरायची थांबली आहे आणि वर निघाली आहे. आत्ता दुसरी पुडी दिलीस तर दोन्ही पुड्यांची साखर एकदम येईल. अर्थात या अर्ध्या वाटेवर मूल जास्त सुस्त होत असतं, हाक मारल्यावर उत्तर देत नसतं, तर माझं उत्तर वेगळं असतं. ओवी बोलत होती, काकूंच्या पर्सकडे बघत होती.

तुर्भ्याला घड्याळ वाजलं. आईने टोचलं आणि आकडा आला २३६.

आठ मिनिटांत ६१ वरून २३६? सहा ग्रॅमने हे होणं शक्य नाही. मी विचारलं, "बोट धुतलंस का?" नव्हतं धुतलं. हातावर सांडलेली ती पावडर बोटाच्या टोकाला होती आणि रक्ताच्या थेंबात मिसळली होती. मीटर एवढा बारीक थेंब मोजतं की त्यात साखरेचा कण गेला तरी आकडा शेकड्याने चढतो. आंबा, केळं, ग्लुकोज हातांनी हाताळलं की हे होतंच. स्पिरिटच्या कापसाने एकदा पुसणं पुरत नाही, पाणीच लागतं. आईने बाटलीतल्या पाण्याने दुसऱ्या हाताचं बोट धुतलं, रुमालाने कोरडं केलं, पहिला थेंब पुसून दुसरा घेतला. ८४.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगते आहे, कारण २३६ खरा मानला असता तर दोन चुका एकदम झाल्या असत्या. एक म्हणजे निर्धास्त होणं. दुसरी, कुणीतरी उतारासाठी इन्सुलिन देणं. आकडा मुलाच्या तब्येतीशी जुळत नसेल तर आधी बोट धुवून परत तपासायचं, मग विचार करायचा.

ज्यांच्या मुलाच्या दंडावर सेन्सर आहे त्यांना वेगळा फसवा आकडा दिसतो. सेन्सर रक्तातली नव्हे, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो आणि शुगर झपाट्याने बदलत असताना तो काही मिनिटं मागे असतो. रक्तात ८४ असताना सेन्सर अजून ६२ आणि खाली जाणारा बाण दाखवू शकतो. तो बाण बघून आईबाप दुसरा, तिसरा डोस देतात. म्हणून लो नंतरची फेरतपासणी शक्यतो बोटाचीच. आपोआप इन्सुलिन देणाऱ्या पंपवर असलेल्या मुलांना ०.३ पेक्षा कमी पुरतं, कारण पंपाने आधीच इन्सुलिन कमी केलेलं असतं. त्यांचा आकडा त्यांच्या डॉक्टरांकडून घ्यावा.

पंधरा मिनिटांनी ७० च्या खालीच असती तर तीच पुडी, तेवढीच, पुन्हा. आणि पुन्हा पंधरा मिनिटं. दोन पुड्यांनंतरही ७० गाठत नसेल तर घरी बसून पुड्या मोजत राहायचं नाही. तिसरी देत देत डॉक्टरांना फोन आणि रुग्णालयाची वाट. एवढं देऊनही शुगर चढत नाही, म्हणजे बहुधा कुठेतरी इन्सुलिन जास्त गेलं आहे. दोन्ही पालकांनी वेगवेगळं टोचलं, किंवा लांब टिकणाऱ्याच्या जागी झटपट काम करणारं भरलं गेलं. अशा वेळी ते इन्सुलिन संपेपर्यंत शुगर परत परत उतरणार.

ओवीला ८४ पुरेसं होतं का? त्या क्षणाला हो. पण दुपारचं इन्सुलिन थोडं शिल्लक होतं, दोन तास पळाल्याने स्नायू अजून साखर ओढत होते आणि जेवायला दीड तास होता. म्हणून आईने तिला दोन मारी बिस्किटं दिली. हे प्रत्येक वेळी लागत नाही. जेवण समोरच असेल तर जेवणच द्यायचं, आणि इन्सुलिन फार शिल्लक नसेल तर काहीच नको. आणखी वीसेक मिनिटांनी, नेरूळच्या जिन्याखाली, तिसरा आकडा १०४. त्या रात्री झोपण्याआधी आणि पहाटे दोनला आणखी एकदा तपासायला मी सांगितलं, कारण दिवसभर खेळलेल्या मुलाची शुगर रात्री उशिरा उतरते.

आता ओवी तेव्हा बोलत नसती, झटके येत असते किंवा बेशुद्ध असती तर? मग तोंडात काहीही ओतायचं नाही. पाणी नाही, मध नाही, जेलची नळी पिळायची नाही. जेलमधली साखर गालातून फारशी शोषली जात नाही, ती गिळूनच आतड्यात जावी लागते. आणि न गिळणाऱ्या मुलाच्या तोंडात ओतलेलं श्वासनलिकेत जातं. मुलाला कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन करायचा. घरी ग्लुकॅगॉन असेल तर तेच टोचायचं: पंचवीस किलोपर्यंत अर्धा मिलिग्रॅम, त्यापुढे एक. ओवीला अर्धा. हे इंजेक्शन यकृतात साठवलेली साखर बाहेर काढतं, दहा-पंधरा मिनिटांत मूल जागं होतं आणि बऱ्याचदा उलटी करतं, म्हणून कुशीवरच ठेवायचं. दिवसभर उलट्या होऊन मूल उपाशी असेल तर साठाच रिकामा असतो आणि ग्लुकॅगॉन नीट काम करत नाही. आपल्याकडे ते औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही, त्यामुळे ते कुठून आणायचं हे आपल्या डॉक्टरांशी निवांत असताना बोलून ठेवलेलं बरं.

रुग्णालयात पोचल्यावर तेच गणित सलाइनच्या भाषेत होतं. डायबेटिसच्या मुलाला दहा टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, किलोमागे २ ते ३ मिली, शिरेतून, सावकाश. दहा टक्के म्हणजे शंभर मिलीत दहा ग्रॅम. ओवीला ४० ते ६० मिली, म्हणजे ४ ते ६ ग्रॅम. पुडीतले सहा ग्रॅमच, फक्त पोटाची वाट टाळून. कारण माहीत नसलेल्या, अत्यवस्थ मुलात काही ठिकाणी किलोमागे ५ मिलीपर्यंत देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत तोच आकडा आहे. वॉर्डात पंचवीस टक्क्यांचीच बाटली हाताशी असली तर आम्ही वीस मिलीत तीस मिली इंजेक्शनचं पाणी मिसळतो आणि पन्नास मिली दहा टक्क्यांचं तयार करतो. मोठ्यांचं पन्नास टक्क्यांचं मुलांना देत नाहीत. ते इतकं दाट असतं की बारीक शिरेला जाळतं, सुई सरकून बाहेर झिरपलं तर कातडी मरते, आणि शुगर एकदम उसळून शरीर स्वतःचं इन्सुलिन सोडत असेल तर ती पुन्हा आपटते.

तो डोस देऊन झाल्यावरही पंधरा मिनिटांनी तपासणी आहेच. शिरेतून दिलेली साखर लवकर चढते आणि लवकर संपते. म्हणून मागोमाग दहा टक्क्यांचं डेक्स्ट्रोज थेंबाथेंबाने चालू ठेवतात. ओवीच्या वजनाला तासाला २५ ते ६० मिली. तपासणीसाठीचं रक्त मात्र सलाइन चालू नसलेल्या हातातून घ्यायचं, नाहीतर परत तोच २३६ चा घोटाळा.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते, कारण जेलवरून गोंधळ होतो. प्रसूतिगृहात नवजात बाळाच्या गालाला आतून चोळतात ते चाळीस टक्क्यांचं जेल, किलोमागे अर्धा मिली, म्हणजे तीन किलोच्या बाळाला दीड मिली. लगेच अंगावर पाजतात आणि अर्ध्या ते एका तासाने टाचेतून रक्त तपासतात. ते बाळ जागं असतं आणि गिळत असतं. त्याचा डोस, त्याचे आकडे वेगळे. ते बघून घरच्या सहा वर्षांच्या मुलीला जेल लावायचं नाही. तसंच डायबेटिस नसलेल्या मुलाची शुगर अशी उतरली तर साखर देऊन घरी थांबू नका. तिथे ती का उतरली हे शोधावं लागतं, आणि त्यासाठीचं रक्त शक्य असेल तर डेक्स्ट्रोज देण्याआधीच काढतात.

परवा ओवीची आई पुड्या बांधत बसली होती. मार्चमध्ये शाळेच्या वजनकाट्यावर ओवी २३ किलो भरली. जुन्या सहाच्या पुड्या तिने चहात घालून संपवल्या. नव्या पिशव्यांवर आता ७ लिहिलं आहे.